मुलाखतींचं कोडिंग: ओपन कोडपासून थीमपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माध्यम अभ्यासात मुलाखती घेणं बहुतेकांना जमतं. अडतं ते त्यानंतर. दोन-तीनशे पानांचा मजकूर समोर असतो, एनव्हिवो या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर-सव्वाशे कोड, म्हणजे उताऱ्यांना दिलेली छोटी नावं, झालेले असतात आणि त्यातून थीम, म्हणजे अर्थाची मोठी सूत्रं, कशा निघणार हे कळत नसतं. या पानावर भर त्याच टप्प्यावर आहे. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण धरलं आहे. मराठी दैनिकांच्या १४ तालुका वार्ताहरांच्या मुलाखती आहेत आणि प्रश्न असा आहे: जाहिरात आणायची जबाबदारीही त्यांच्यावरच असते, तेव्हा बातमीचं काय होतं? उतारे आणि आकडे पद्धत दाखवण्यासाठी रचलेले आहेत, तो कुठल्या प्रत्यक्ष अभ्यासाचा निष्कर्ष नाही.

एनव्हिवोत टाकण्याआधी मुलाखतीची लिखित प्रत कशी तयार करावी?

वर्ड फाइल करा, पीडीएफ नको. कोडिंग सुरू झाल्यावर टंकनाची चूक सापडली तर वर्डमधून आणलेला मजकूर एनव्हिवोत दुरुस्त करता येतो, पीडीएफमधला येत नाही. प्रत्येक मुलाखतीची स्वतंत्र फाइल ठेवा आणि नाव `M04_2024-06` असं क्रमाने द्या. वार्ताहराचं, गावाचं किंवा दैनिकाचं नाव फाइलच्या नावात नको. तालुक्याला एका दैनिकाचा बहुधा एकच वार्ताहर असतो, त्यामुळे तालुका आणि दैनिक कळलं की माणूस ओळखू येतो. दोन्ही नावं बदलून लिहा आणि खऱ्या नावांची यादी प्रोजेक्टच्या बाहेर, कुलूपबंद ठेवा.

बोलणं जसंच्या तसं उतरवा. "पैशे", "लावली नाय", "म्हणजे कसंय की" हे प्रमाण मराठीत बदलू नका. वार्ताहर "बातमी लावली" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पाठवणं असतं की छापून येणं, हा पुढे विश्लेषणाचा मुद्दा होऊ शकतो. उतरवून घेणाऱ्याने ते "प्रसिद्ध केली" असं सुधारलं की तो मुद्दाच पुसला जातो. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास धरा. दोघं एकमेकांत बोलत असतील किंवा मागे चहाच्या टपरीचा आवाज असेल, तर त्याहून जास्त लागतात.

आणखी एक गोष्ट तपासा. टंकन डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये झालं असेल, तर पडद्यावर देवनागरी दिसते पण आत रोमन अक्षरं असतात. कोडिंग होईल, शोधात मात्र एकही शब्द सापडणार नाही. वर्डमध्ये फाँट बदलून बघा. मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा झाला, तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

ओपन कोडिंग करताना केवढा तुकडा निवडायचा?

ओपन कोडिंग म्हणजे आधी यादी न ठरवता, मजकूर वाचत वाचत कोड देणं. त्यात तुकडा एक अर्थ पुरा होईल एवढा घ्या. बहुधा दोन ते पाच वाक्यं. एकेक शब्द निवडलात, तर महिन्याने कोड उघडल्यावर नुसतं "आकडा" एवढंच दिसेल आणि तो कशाचा हे समजणार नाही. अख्खं पान निवडलंत, तर एका कोडखाली पाच गोष्टी येतील. तुकडा तोकडा पडल्याचं नंतर लक्षात आलं, तर कोड उघडून `Coding Context` मधून `Narrow` किंवा `Broad` निवडा, आजूबाजूचा मजकूर दिसतो.

वार्ताहराचं उत्तर प्रश्नाशिवाय समजत नसेल, तर प्रश्नही तुकड्यात घ्या. "हो, ते तर असतंच" या उत्तराला एरवी काहीच अर्थ राहत नाही. आणि असं उत्तर प्रश्नासकट वाचल्यावर पुष्कळदा कळतं की शब्द वार्ताहराचे नव्हते, मुलाखत घेणाऱ्याने त्याच्या तोंडी घातले होते. असा तुकडा पुरावा म्हणून वापरू नये.

कोडला नाव काय द्यावं?

चौथ्या मुलाखतीतला हा उतारा घ्या:

> "पंधरा ऑगस्टची पुरवणी आली की आम्हाला आकडा येतो. चाळीस हजार. आता आणायचे कुठून? ज्यांच्याकडून आणायचे, त्यांच्याच बातम्या असतात. पतसंस्था, सोसायटीचे चेअरमन, शाळावाले. मग जूनपासूनच आपण जरा सांभाळून घेतो."

नवखा अभ्यासक इथे "जाहिरात", "पुरवणी", "आर्थिक दबाव" असे कोड देतो. पहिले दोन विषयांची नावं आहेत. बोलणं कशाबद्दल चाललंय ते कळतं, माणूस काय करतोय ते कळत नाही. तिसरा कोड वाचून आलेल्या सिद्धान्ताचा आहे, वार्ताहर त्या शब्दांत बोललेलाच नाही. असे कोड जमले की शेवटी थीमसुद्धा "आर्थिक दबाव" एवढीच निघते, आणि ती तर मुलाखती घेण्याआधीच माहीत होती.

त्याऐवजी कृती पकडा: "पुरवणीचा आकडा वरून ठरून येणे", "जाहिरातदार आणि बातमीचा विषय एकच असणे", "पुरवणीच्या दोन महिने आधीपासून सांभाळून घेणे". नाव "-णे"वर संपवायची सवय लावली की विषयवाचक कोड आपोआप कमी होतात. शिवाय "सांभाळून घेणे" हा शब्द वार्ताहराचाच आहे, तो सोडू नका. शब्द निवडून उजवी कळ दाबा आणि `Code In Vivo` निवडा, त्याच शब्दांचा कोड तयार होतो.

प्रत्येक कोडच्या `Description` मध्ये दोन ओळी त्याच दिवशी लिहा: यात काय येतं आणि काय येत नाही. उदाहरणार्थ, "सांभाळून घेणे: बातमीचा सूर मवाळ करणे. बातमी अजिबात न पाठवणे यात नाही." तीन आठवड्यांनी दहावी मुलाखत कोड करताना या दोन ओळीच आधाराला असतात.

कोडची संख्या दीडशेकडे चालली आहे. काही चुकलं का?

चौदा मुलाखतींतून ८० ते १५० ओपन कोड होणं नेहमीचं आहे. वेग बघा. पहिल्या चार-पाच मुलाखतींत कोड झपाट्याने वाढतात, नंतर जुनेच परत वापरले जातात. तेराव्या मुलाखतीतही २० नवे कोड होत असतील, तर बहुतेक वेळा तुम्ही जुनी यादी न बघता नवी नावं देत आहात. "आकडा येणे", "टार्गेट मिळणे" आणि "कोटा ठरणे" ही एकाच गोष्टीची तीन नावं असू शकतात. असू शकतात असं म्हटलं, कारण ती खरंच एक आहेत का हे खालचे उतारे वाचल्याशिवाय ठरवता येत नाही.

ओपन कोडवरून थीमपर्यंत प्रत्यक्षात कसं जायचं?

समजा १३२ कोड झाले आहेत. आधी कोडिंग थांबवा. प्रोजेक्टची तारखेसह एक प्रत काढून बाजूला ठेवा आणि `Codebook` निर्यात करून छापून घ्या. इथून पुढे कोड तोडले-जोडले जाणार आहेत, तेव्हा मूळ स्थिती हाताशी हवी.

मग खरे जुळे कोड एकत्र करा. दोन्ही कोड उघडून सगळे उतारे वाचा. फरक नसेल तर एक `Cut` करा आणि दुसऱ्यावर `Merge Into Selected Code` द्या. आपल्या उदाहरणात वाचताना दिसतं की "आकडा" वरून येतो, पण "कोटा" एक वार्ताहर स्वतः ठरवून घेतो, म्हणजे तालुक्यातल्या कोणाकडून किती मागायचं हे. ते दोन एकत्र करायचे नाहीत. या चाळणीतून कोड ९०च्या आसपास येतात.

त्यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं: फुगलेले कोड फोडणं. "बातमी रोखणे" या कोडखाली ३१ उतारे जमले आहेत. संख्या मोठी दिसली की अभ्यासक खूश होतो आणि त्यालाच थीम म्हणून मोकळा होतो. ते करू नका. एकतीसच्या एकतीस उतारे एका बैठकीत, ओळीने वाचा. वाचल्यावर दिसतं ते असं: ९ उताऱ्यांत बातमी कायमची सोडून दिली आहे. ५ उताऱ्यांत ती दुसऱ्या दैनिकातल्या मित्राला देऊन टाकली आहे, म्हणजे बातमी छापून येते पण आपल्या नावावर नाही. आणि १७ उताऱ्यांत ती रोखलेलीच नाही, पुढे ढकलली आहे.

या १७ उताऱ्यांचा वेगळा कोड करा, "बातमी पुढे ढकलणे", आणि त्यांना एकच प्रश्न विचारा: कधीपर्यंत? "पुरवणी निघेपर्यंत." "निवडणूक होईपर्यंत." "बिल निघेपर्यंत." शेवटचं सर्वाधिक वेळा येतं. छापून आलेल्या जाहिरातीचे पैसे वसूल करणं वार्ताहराच्याच गळ्यात असतं आणि ते येईपर्यंत तो जाहिरातदाराला दुखवत नाही. आता "वसुलीला चकरा मारणे" हा कोड आठवतो. तो इतके दिवस "कामाचा ताण" या गटात पडून होता, बातमीशी त्याचा संबंध आहे असं वाटलंच नव्हतं.

इथे एनव्हिवो बाजूला ठेवून मेमो उघडा आणि एक पूर्ण वाक्य लिहा: "बातमीची तारीख वसुलीच्या तारखेवर ठरते." ही थीमची पहिली खरी मांडणी झाली. तिच्यात कृती आहे, कारण आहे, आणि ती चुकीची ठरू शकते.

मग या वाक्याच्या आधाराने कोडची झाडासारखी मांडणी करा. वरचा कोड थीमचा, खाली "बिल निघेपर्यंत थांबणे", "पुरवणीआधी सांभाळून घेणे", "वसुलीला चकरा मारणे". वरच्या कोडवर `Aggregate Coding From Children` लावलं की खालचे सगळे उतारे एकत्र दिसतात. हा क्रम उलटा करू नका. आधी झाड रचून त्यात कोड कोंबले, तर झाड नीटनेटकं होतं आणि नवं काहीच सापडत नाही.

विषय आणि थीम यांतला फरक कसा ओळखायचा?

नावाला "काय?" विचारा. "जाहिरात आणि बातमी यांचा संबंध." काय आहे संबंध? उत्तर नावात नसेल, तर तो विषय आहे. मुलाखतीच्या प्रश्नावलीतले मुद्दे आणि तुमच्या थीमची नावं शेजारी ठेवून बघा. दोन्ही याद्या जुळत असतील, तर तुम्ही उत्तरांचं वर्गीकरण केलं आहे, विश्लेषण अजून व्हायचं आहे. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली थिमॅटिक विश्लेषणाचे सहा टप्पे मांडले. नंतरच्या लेखनातही त्या दोघी हीच चूक वारंवार दाखवत आल्या आहेत. "डेटामधून थीम वर आल्या" ही शब्दरचनाही त्यांना मान्य नाही, कारण थीम संशोधक घडवतो आणि तिची जबाबदारी त्याची असते.

चौदा मुलाखतींच्या अभ्यासाला तीन ते पाच थीम पुरतात. नऊ झाल्या असतील, तर त्यातल्या निम्म्या बहुधा उपविषय असतात.

एक मुलाखत थीमच्या अगदी विरुद्ध जाते. तिचं काय करायचं?

तिला सगळ्यात जास्त वेळ द्या. अकराव्या मुलाखतीत असं आहे:

> "पतसंस्थेची बातमी मी लावली. जाहिरात गेली, मागचं बिलपण बुडालं. पण ठेवीदार घरी येत होते हो. म्हातारी माणसं. सकाळी सातला ओट्यावर बसलेली. त्यांना काय सांगणार, थांबा म्हणून?"

बिल बाकी होतं, तरी बातमी थांबली नाही. हा अपवाद म्हणून तळटीपेत टाकणं म्हणजे हातातलं सोडून देणं. "ओट्यावर" हा शब्द धरा आणि बाकीच्या मुलाखती पुन्हा पूर्ण वाचा, फक्त कोड केलेले तुकडे नकोत. आणखी दोन ठिकाणी तेच सापडतं: एकदा पाण्याच्या टँकरवरून बायका वार्ताहराच्या दारात आल्या, एकदा शाळेच्या फीवरून पालक. तक्रार फोनवर किंवा निवेदनातून येते तेव्हा ती थांबू शकते, माणूस दारात येतो तेव्हा नाही. थीमचं वाक्य आता असं होतं: "बातमीची तारीख वसुलीवर ठरते, गावातला माणूस दारात येईपर्यंत." पहिल्या मांडणीपेक्षा ही जास्त खरी आहे, आणि ती एका न बसणाऱ्या मुलाखतीने दिली.

मॅट्रिक्स क्वेरीतले आकडे प्रबंधात देता येतात का?

देता येतात, पण आधी ते कशाचे आहेत ते बघा. समजा प्रत्येक वार्ताहराची `Case` केली, तिला "मोबदला" हा `Attribute` दिला (ठरलेलं मानधन की फक्त कमिशन) आणि `Matrix Coding Query` चालवली, म्हणजे कोड आणि गट यांचा आडवा-उभा तक्ता काढला. "पुढे ढकलणे" खाली कमिशनवाल्यांचे १३ आणि मानधनवाल्यांचे ४ उतारे दिसले. फरक मोठा वाटतो. पण त्या १३ पैकी ७ एकाच बोलक्या वार्ताहराचे असू शकतात. म्हणून चौकटीत उताऱ्यांऐवजी किती माणसं हे दाखवायला सांगा. ५ आणि ३ असं काही निघालं, तर त्यावरून कमिशनवाले जास्त ढकलतात असं लिहिता येणार नाही. मॅट्रिक्सचा खरा उपयोग वेगळा आहे: चौकटीवर दोनदा क्लिक करा आणि आतले उतारे वाचा. दोन गटांत ढकलण्याची कारणं वेगळी आहेत का, हे तिथे कळतं.

दोघांनी कोडिंग केलं आणि कप्पा कमी आला. मार्गदर्शक तर ०.८ मागतात.

कप्पा म्हणजे योगायोगाने जुळणारं वगळून दोघांच्या कोडिंगमधली सहमती मोजणारा आकडा. एनव्हिवोची `Coding Comparison Query` मजकुराची तुलना अक्षरागणिक करते. समजा मुलाखत १०,००० अक्षरांची आहे. पहिल्याने एका कोडखाली ४०० अक्षरांचा परिच्छेद घेतला, दुसऱ्याने त्याच परिच्छेदातलं २०० अक्षरांचं वाक्य घेतलं. अर्थावर दोघांचं पूर्ण एकमत आहे. एनव्हिवो सांगेल: सहमती ९८ टक्के, कप्पा सुमारे ०.६६. टक्केवारी फुगते, कारण ९,६०० अक्षरं दोघांनीही सोडून दिली आहेत आणि तेही एकमत म्हणून मोजलं जातं. कप्पा पडतो तो निवडीच्या लांबीमुळे.

म्हणून कोडिंगला बसण्याआधीच ठरवा: तुकडा म्हणजे पूर्ण परिच्छेद, किंवा पूर्ण उत्तर. त्यानंतरही कप्पा कमी असेल, तर एकेक कोड उघडून भांडण कुठे आहे ते बघा. "सांभाळून घेणे" म्हणजे सूर मवाळ करणं की नाव गाळणं, यावर खरा मतभेद असेल तर व्याख्या बदला. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने प्रोजेक्ट उघडला पाहिजे. एकाच नावाने दोघं बसले, तर तुलनेला काही उरत नाही.

ब्राउन-क्लार्क यांची चिंतनशील पद्धत वापरत असाल, तर कप्पा मोजणंच त्या पद्धतीत बसत नाही. तिथे दुसरा वाचक तुमचं वाचन खोल करायला असतो, बरोबर-चूक ठरवायला नसतो. पद्धतीच्या प्रकरणात दोन्ही एकत्र लिहू नका, परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

मराठी मजकुरात शोध का चुकतो?

प्रोजेक्टच्या मजकूर-भाषांच्या यादीत मराठी नाही. `Other` निवडा. पण मग एकाच शब्दाची रूपं प्रोग्राम स्वतः ओळखत नाही. जाहिरात, जाहिरातीचं, जाहिरातींनी हे त्याच्या लेखी वेगळे शब्द आहेत, त्यामुळे शब्दवारंवारितेचा तक्ता मराठीत फसवा असतो. तारांकित शोधाने काही भागतं, पण सामान्यरूपात शब्दाचं अंगच बदलतं तिथे प्रत्येक रूप द्यावं लागतं:

```
पैसा* OR पैसे* OR पैशा* OR पैशे*
बातमी* OR बातम्या*
```

"अधिकाऱ्यांनी" यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधाला वेगळे. तीन जणांनी टंकन केलं असेल, तर हे होतंच. फाइली आत घेण्याआधी वर्डमध्ये एका रूपाचं दुसऱ्यात `Replace` करा. आणि कुठल्याही शोधावर भिस्त ठेवण्याआधी एका मुलाखतीत तो शब्द हाताने मोजून ताळा बघा.

प्रबंध इंग्रजीत आहे. कोड मराठीत द्यावेत की इंग्रजीत?

ओपन कोड मराठीत. "सांभाळून घेणे" याला इंग्रजीत घालताना "दबावाला बळी पडणे" किंवा "समजूतदारपणा" यातलं एक निवडावं लागतं आणि निवडताच अर्थ ठरून जातो. वार्ताहराच्या बोलण्यात दोन्ही आहेत. थीमचं वाक्य पक्कं झालं की भाषांतर करा आणि मूळ मराठी शब्द कोडच्या `Description` मध्ये राहू द्या. प्रबंधात उतारा देताना मूळ मराठी आणि त्याखाली भाषांतर, असं दोन्ही द्या.

प्रोजेक्टची फाइल बिघडू नये म्हणून काय करावं?

उघडा प्रोजेक्ट क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवून काम करू नका. मागे आपोआप जुळवणी चालू असताना फाइल खराब होऊ शकते. संगणकाच्या डिस्कवर काम करा आणि दिवसाअखेर प्रोजेक्ट बंद करून तारीख घातलेली प्रत क्लाउडवर टाका. नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कुठली आवृत्ती आहे ते आधी विचारा. परवान्याची मुदत संपत आली असेल, तर संपायच्या आधी `.qdpx` स्वरूपात निर्यात करून ठेवा. ती फाइल इतर काही प्रोग्राम, उदाहरणार्थ मोफत मिळणारा QualCoder, वाचू शकतात. मात्र निर्यात केल्यावर कोडची संख्या आणि एखाद-दुसऱ्या कोडखालचे उतारे दोन्हीकडे जुळतात का, हे परवाना चालू असतानाच तपासून घ्या.